फोटोचा फोटो

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने सगळ्या राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. विषय होता मनरेगाच्या कामांवरची हजेरी. मजुरांची हजेरी घेण्यासाठी जे मोबाइल अ‍ॅप सक्तीचं केलं होतं, त्याला कसं फसवलं जातंय याचे सात प्रकार मंत्रालयाने स्वतःच लिहून काढले होते. कामाशी संबंध नसलेले फोटो, सकाळच्या आणि दुपारच्या फोटोत वेगवेगळी माणसं, यादीत बायका पण फोटोत पुरुष, एकाच मजुराचा फोटो अनेक मस्टरवर वगैरे. या यादीतल्या एका प्रकाराचं नाव वाचून मी थबकलो: ‘फोटो-टू-फोटो’. म्हणजे कामावरच्या जिवंत माणसांचा फोटो न काढता आधीच काढलेल्या फोटोचा फोटो काढायचा आणि तो आजची हजेरी म्हणून चढवायचा.

मी थबकलो, कारण माझं काम याच गोष्टीशी संबंधित आहे. आमच्या धंद्यात याला ‘प्रेझेंटेशन अटॅक’ म्हणतात. कॅमेऱ्यासमोर माणसाऐवजी माणसाची प्रतिमा धरायची. कागदावर छापलेली असेल तर प्रिंट अटॅक, दुसऱ्या स्क्रीनवर चालवलेली असेल तर रिप्ले अटॅक. या विषयावरचे पेपर वाचताना डोळ्यासमोर बँका, विमानतळ, महागडे फोन येतात. इथे मात्र तोच हल्ला नाल्याच्या बांधावर, पाणंद रस्त्याच्या कामावर, कुठलाही पेपर न वाचलेल्या माणसांनी शोधून काढला होता. त्यात नवल नाही. बीडसारख्या जिल्ह्यात खोट्या हजेरीची परंपरा कॅमेऱ्यापेक्षा बरीच जुनी आहे.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमच्याकडे घराघरात आहे. माझी आजी पाटोद्याकडची. ती ‘दुष्काळी काम’ म्हणते तेव्हा तिला खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं आणि जेवणाला मिळणारी सुकडी आठवते. त्याच दुष्काळात महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी जो कायदा झाला त्याची कल्पना इथूनच गेली. या सगळ्या इतिहासात एक कागद कायम मध्यभागी राहिला, तो म्हणजे मस्टर. एका बाजूला नावं, समोर दिवसांचे रकाने, शेवटी सही किंवा अंगठा. काम किती झालं हे मोजमापाने कळायचं, पण पैसे कोणाला मिळणार हे मस्टर ठरवायचं. म्हणून भ्रष्टाचारही मस्टरवरच व्हायचा. कामावर न आलेल्यांची नावं, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नावं, कधीकधी वारलेल्यांचीही. आजी म्हणते, “मस्टरवर माणसं जास्त आणि बांधावर कमी.”

कागदाच्या मस्टरची अडचण अशी की तो कुठेही बसून आणि कधीही भरता येतो. आठवड्याभराची हजेरी शनिवारी रात्री घरी बसून एका पेनाने मारता येते. हीच अडचण सोडवायला मे २०२१ मध्ये एनएमएमएस हे अ‍ॅप आलं. कामावरच्या मेटने किंवा ग्रामरोजगार सेवकाने दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा. अ‍ॅप त्यावर वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदवणार. आधी ते मोठ्या कामांपुरतं होतं, १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून सगळीकडे सक्तीचं झालं.

आता या रचनेकडे एखाद्या चोराच्या नजरेने बघा. फोटोवर उमटलेली वेळ खरी आहे, कारण ती फोनच्या घड्याळाची किंवा सर्व्हरची आहे. अक्षांश-रेखांशही खरे आहेत, कारण ते फोनच्या जीपीएसचे आहेत. पण या दोन्ही गोष्टी फोनबद्दल आहेत. फोटोतल्या माणसांबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. मेट एकटा सकाळी नऊ वाजता बांधावर गेला, दुसऱ्या फोनवर मागच्या आठवड्यातला चाळीस माणसांचा फोटो उघडला आणि त्यावर हजेरीच्या फोनचा कॅमेरा धरला, की वेळ खरी, जागा खरी आणि माणसं खोटी अशी नोंद तयार होते. मस्टर निदान घरून भरता यायचा, आता त्यासाठी बांधापर्यंत चालत जावं लागतं, एवढीच काय ती प्रगती.

*

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला मुळात दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला, हा चेहरा कोणाचा? दुसरा, हा चेहरा आत्ता, इथे, कॅमेऱ्यासमोर जिवंत आहे का? गंमत अशी की पहिल्या प्रश्नाचं उत्तर जितकं चांगलं देता येऊ लागलं, तितका दुसरा प्रश्न बिकट झाला. चेहरा जुळवणारं सॉफ्टवेअर उत्तम असेल तर ते तुमच्या फोटोलाही तुम्हीच म्हणणार. ती त्याची चूक नाही, फोटोत तुम्हीच तर आहात.

हे जगासमोर ठळकपणे आलं ते २००९ मध्ये. लेनोवो, आसुस आणि तोशिबा यांच्या काही लॅपटॉपमध्ये तेव्हा पासवर्डऐवजी चेहरा दाखवून लॉगिन करायची सोय होती. व्हिएतनाममधल्या बीकेआयएस या संस्थेच्या संशोधकांनी वॉशिंग्टनजवळच्या ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत दाखवलं, की मालकाचा फोटो वेबकॅमसमोर धरला तरी तिन्ही कंपन्यांचे लॅपटॉप उघडतात. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, गूगलने अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीत चेहऱ्याने फोन उघडायची सोय दिली आणि लोकांनी लगेच दुसऱ्या फोनवर फोटो दाखवून तो उघडून दाखवला. बांधावरच्या मेटने केलं ते तंतोतंत हेच.

यावर सुचलेला पहिला उपाय अगदी घरगुती वाटावा असा होता: डोळे मिचकवायला सांगा. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, प्रत्येक वेळी सेकंदाच्या एखाद्या चतुर्थांशासाठी. फोटो मिटत नाही. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्येच साध्या वेबकॅमवर हे पकडून दाखवलं होतं. २०१२ मध्ये अँड्रॉइडनेही ‘लाइव्हनेस चेक’ नावाने पापण्यांची अट आणली. मग काही जणांनी काय केलं, तर एकाच फोटोच्या दोन प्रती घेतल्या, एकीत डोळ्यांवर त्वचेचा रंग भरून पापण्या मिटल्यासारख्या केल्या आणि दोन्ही प्रती आलटून पालटून दाखवल्या. फोनच्या दृष्टीने पापणी लवली.

त्याच वर्षी चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संशोधकांनी पन्नास माणसांच्या सहाशे व्हिडिओंचा एक संच प्रसिद्ध केला. खोटे चेहरे ओळखायचे प्रयोग ज्यावर व्हायचे त्या सुरुवातीच्या संचांपैकी हा एक. प्रत्येक माणसाचे बारा व्हिडिओ, त्यातले तीन खरे आणि नऊ खोटे. खोट्यांचे तीन प्रकार होते, आणि तेच तीन आजही पाठ करावेत असे आहेत. एक, छापील फोटो हातात धरून वाकवायचा, म्हणजे सपाट कागदाला जरा गोलाई येते. दोन, छापील फोटोचे डोळे कापून काढायचे आणि मागे स्वतःचे डोळे ठेवायचे. मिचकवणारे डोळे खरे, बाकी चेहरा दुसऱ्याचा. तीन, टॅबलेटवर त्या माणसाचा व्हिडिओ चालवायचा. दुसऱ्या प्रकाराने पापण्यांची तपासणी एकटी पुरेशी नाही हे सिद्ध केलं आणि तिसऱ्याने तर तिला निकालातच काढलं, कारण व्हिडिओत माणूस आपोआप पापण्या लववत असतोच.

म्हणजे हालचाल हा पुरावा डळमळीत ठरला. मग लक्ष गेलं ते प्रतिमेच्या पोताकडे. फोटोचा फोटो काढताना काहीतरी खूण मागे राहतेच. ती कुठे राहते हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षात एका साध्या प्रयोगातून कळलं. तो तुम्हालाही घरी करता येईल.

*

लॅपटॉपवर एखाद्याचा फोटो पूर्ण स्क्रीनभर उघडा. फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका विशिष्ट अंतरावर चेहऱ्यावर इंद्रधनुषी, लाटांसारख्या पट्ट्या दिसायला लागतील. अंतर थोडं बदललं की पट्ट्या बारीक होतील, फिरतील, गायब होतील. फ्रेंच लोक रेशमावरच्या अशा लाटांना म्वारे म्हणत, तेच नाव याला पडलं. आपल्याकडे मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की जी नक्षी हलताना दिसते, ती हीच.

कारण सोपं आहे. लॅपटॉपचा स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजेही ठिपक्यांची जाळी. एक जाळी दुसऱ्या जाळीतून बघतेय. आकडे घालून बघू. १५.६ इंची साध्या लॅपटॉपची रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर आणि तेवढ्यात १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.१८ मिलिमीटरचा. समजा फोनच्या फ्रेममध्ये स्क्रीनचा २० सेंटिमीटर रुंद भाग आलाय. त्या भागात स्क्रीनचे सुमारे ११११ ठिपके बसतात. फोन जर रुंदीत १०८० ठिपक्यांचं चित्र घेत असेल, तर १०८० भोकांच्या जाळीतून १११‍१ भोकांची जाळी बघितल्यासारखं झालं. फरक एकतीसचा. म्हणून चित्रात डावीकडून उजवीकडे साधारण एकतीस पट्ट्या उमटतील. खऱ्या गालाला अशी समान अंतरावरची जाळी नसते, त्यामुळे खऱ्या चेहऱ्यावर या पट्ट्या कधीच येत नाहीत. सॉफ्टवेअरला चित्रात ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी नक्षी शोधायला सांगितलं, की स्क्रीन पकडला जातो.

कागदाचंही असंच काहीसं. प्रिंटर रंगाचे छोटे थेंब टाकून गालाचा रंग ‘बनवतो’, सलग रंग त्याच्याकडे नसतो. कागदाची चमक त्वचेच्या चमकेपेक्षा वेगळी. कपाळावर तेलकट ठिकाणी उजेड जसा ठिपक्यासारखा चमकतो, तसा कागदावर चमकत नाही. चमकला तर पूर्ण तिरपा पट्टा चमकतो. शिवाय छापताना रंग एकदा बदलतात आणि पुन्हा फोटो काढताना दुसऱ्यांदा. गडद सावळ्या त्वचेतल्या बारीक छटा या दोन फेऱ्यांत हमखास मरतात.

आता या उपायाचा कमकुवतपणा. म्वारे दिसण्यासाठी चित्रात बारीक तपशील टिकला पाहिजे. फोकस किंचित हलला तर पट्ट्या पुसल्या जातात. चांगल्या फोनच्या स्क्रीनचे ठिपके लॅपटॉपच्या एक तृतीयांश आकाराचे असतात, तिथे पट्ट्या मुळातच फिकट येतात. पण आपल्याकडचं खरं दुखणं आहे ते कॉम्प्रेशनचं. रेंज नाही म्हणून अ‍ॅप फोटो दाबून लहान करून पाठवतं. जेपीईजी दाबताना सगळ्यात आधी फेकतं ते हेच बारीक, पुन्हा पुन्हा येणारे तपशील. म्हणजे जी खूण चोर पकडून देणार होती ती सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. म्हणून पोताची तपासणी करायची असेल तर फोटो दाबण्याआधी, फोनमध्येच करावी लागते. त्यासाठी स्वस्त फोनवर चालेल एवढं हलकं सॉफ्टवेअर लागतं, आणि हलकं सॉफ्टवेअर जास्त चुकतं. माझ्या नोकरीतले निम्मे वाद याच एका वाक्यावरून होतात.

मला स्वतःला पोतापेक्षा भूमितीवरचा उपाय जास्त आवडतो, कारण तो प्रिंटरच्या दर्जावर अवलंबून नाही. काही अ‍ॅप ‘फोन जवळ आणा’ असं का सांगतात, याचं उत्तर त्यात आहे. चेहरा सपाट नसतो. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण अकरा सेंटिमीटर पुढे असतो. फोन नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कानापासून ५१ वर आहे. फोन आता नाकापासून २० वर आणला, तर कानापासून तो ३१ वर आला. नाकाचं अंतर निम्मं झालं म्हणून चित्रात नाक दुप्पट मोठं दिसेल. कानांचं अंतर मात्र ५१ वरून ३१ झालंय, म्हणून कानांजवळचा भाग १.६५ पटच वाढेल. सेल्फी फार जवळून काढला की नाक बटाट्यासारखं येतं ते याचमुळे. आता हाच प्रयोग छापील फोटोवर करा. कागदावर नाक आणि कान दोन्ही एकाच सपाटीत आहेत, म्हणून दोन्ही बरोबर दुप्पट होतील. दोन फ्रेममधल्या मापांचं गुणोत्तर काढलं की कागद उघडा पडतो. स्क्रीनही तसाच पडतो, त्यावर चाललेला व्हिडिओ कितीही जिवंत असला तरी. कागद गोल वाकवून थोडी खोली आणता येते, पण वाकलेल्या कागदाला नाक नसतं.

याला उत्तर म्हणून हल्लेखोर जवळ येणाऱ्या चेहऱ्याचाच व्हिडिओ दाखवू शकतो, त्यात नाक आधीच फुगलेलं असतं. म्हणून मग ‘उजवीकडे बघा, आता वर बघा’ असा दर वेळी वेगळा क्रम विचारला जातो. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला पुढची सूचना काय असेल हे माहीत नसतं. २०१६ आणि २०१७ मध्ये या सगळ्या हल्ल्यांची नावं आणि तपासण्यांचे नियम आयएसओच्या ३०१०७ क्रमांकाच्या मानकात बांधले गेले, आणि मग कंपन्यांना ‘आमचं फसत नाही’ असं नुसतं तोंडी म्हणणं जरा कठीण झालं. कॅमेऱ्यासमोर काही न धरता, कॅमेऱ्याच्या जागी खोटा व्हिडिओ थेट सॉफ्टवेअरमध्ये सोडायचा हल्लाही आहे. पण तो इथे सोडून देतो, त्याची कुलपं वेगळ्या दारावर असतात.

*

आता पुन्हा बांधावर जाऊ. यातलं किती तिथे चालेल?

पुष्कळ बँकांची अ‍ॅप चेहरा तपासताना स्क्रीनचा रंग झपाझप बदलतात: लाल, निळा, हिरवा. तो उजेड गालावर पडतो आणि गोल चेहऱ्यावरून तो कसा परततो हे बघून खोली कळते. खोलीत हे सुरेख चालतं. पण फोनचा स्क्रीन चेहऱ्यावर जास्तीत जास्त पन्नास-साठ लक्स उजेड टाकतो, तर मे महिन्यात उघड्यावर उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. म्हणजे उन्हात काडी पेटवून उजेड शोधण्याचा प्रकार. डोक्यावरच्या उन्हाने कपाळ पांढरं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. त्यात बायकांचा डोक्यावरून ओढलेला पदर आणि तोंडाला बांधलेला रुमाल. प्रयोगशाळेतल्या पन्नास माणसांपैकी कोणी माती वाहत नव्हतं.

शिवाय एनएमएमएसचा फोटो होता घोळक्याचा. चाळीस माणसांना एकदम ‘उजवीकडे बघा’ सांगता येत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक हा, की बँकेत फोन धरणारा आणि चेहरा दाखवणारा एकच माणूस असतो. बांधावर फोन मेटच्या हातात आणि चेहरा मजुराचा. खोटी हजेरी लावायची असेल तर ती लावणार फोन धरणाराच. म्हणजे ज्याच्यापासून यंत्रणा वाचवायची त्याच्याच हातात ती आहे. चेहरा तपासणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरची आखणी करताना ही शक्यता कोणी पहिल्या पानावर लिहीत नाही.

मग घोळक्याच्या फोटोत फोटो-टू-फोटो ओळखायचा कसा? कडेला दुसऱ्या फोनची काळी चौकट, काचेवरची चकाकी, कोपऱ्यात अंगठा, हे तर असतंच. पण मला सावलीचा पुरावा सगळ्यात मजबूत वाटतो, आणि बीडपुरता तर तो हाताने काढता येतो. बीड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य तिथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. घड्याळात तेव्हा बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटं झालेली असतात. त्याच दिवशी सकाळी नऊला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर असतो, म्हणजे साडेपाच फुटी माणसाची सावली सहा फुटांच्या आसपास पडते. आता फोटोवर वेळ उमटलीय सकाळी ९.०५ आणि माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्यात, तर तो फोटो नऊचा नाही. सावली फोनची नसते, माणसाची असते. मेटला वेळ आणि जागा खरी मिळाली, पण सावली मात्र जुन्या फोटोतली तशीच आली. अर्थात हुशार मेट नऊची हजेरी लावायला जुना नऊचाच फोटो वापरेल, आणि पावसाळी ढगाळ दिवशी हा सगळा हिशोब बंद.

जुलै २०२५ च्या परिपत्रकाने उपाय सुचवला तो माणसांच्या डोळ्यांचा. ग्रामपंचायत पातळीवर शंभर टक्के फोटो हाताने तपासायचे, वरच्या पातळ्यांवर काही हिस्सा. त्यानंतर काही महिन्यांत मजुरांची चेहऱ्यावर आधारित आधार ई-केवायसी सुरू झाली, म्हणजे घोळक्याकडून एकेका चेहऱ्याकडे वळायला सुरुवात झाली. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने मनरेगाच्या जागी येणारा नवा कायदाच मंजूर केला. चेहऱ्याची तपासणी मात्र जाणार नाही, वाढत जाणार आहे.

एकेका चेहऱ्याची तपासणी कशी असते हे बीडमधल्या बहुतेकांना आता रेशनमुळे माहीत झालंय. २०२५ मध्ये रेशन कार्डाची ई-केवायसी ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपमधून घरबसल्या करता येऊ लागली. आधार क्रमांक, ओटीपी, मग आधार फेस आरडी नावाचं दुसरं अ‍ॅप आपोआप उघडतं, चेहरा गोलात धरायचा आणि पापण्या मिटायच्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना याचा उपयोग कळायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या आगेमागे निघालेलं जोडपं मार्चपर्यंत फडात असतं, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा द्यायला ते परत येऊ शकत नाही. आणि कोयत्याने घासलेले अंगठे मशीनवर कितपत उठतात हा प्रश्न आहेच. चेहऱ्याला निदान घट्टे पडत नाहीत.

पण पापण्या मिटण्याची अट ज्याला साधी वाटते त्याने मोतीबिंदू झालेल्या म्हातारीसमोर फोन धरून बघावा. तिचे डोळे मुळातच अर्धे मिटलेले. सॉफ्टवेअरला ‘उघडा’ आणि ‘मिटलेला’ यातला फरक हवा असतो, तो तिच्याकडे कमी असतो. ती पापणी मिटते ती सूचना ऐकू आल्यानंतर दोन सेकंदांनी, आणि मग मिटूनच ठेवते. नातू ओरडतो, “आज्जे, उघड-मीट कर, मिटून बसू नको!” पडद्यावर पुन्हा प्रयत्न करा असं येतं. तिच्या जागी गुळगुळीत कागदावर छापलेला तरुण चेहरा आणि कापलेल्या भोकांमागचे चपळ डोळे पापण्यांची तपासणी जास्त सहज पार करतील.

हे विनोदाने म्हणत नाही, याला माप आहे. आयएसओच्या त्याच मानकात दोन आकडे मागितलेले आहेत: खोटे चेहरे खरे समजून किती आत सोडले आणि खरे चेहरे खोटे समजून किती अडवले. दोन्ही एकाच खटक्याला बांधलेले असतात. सॉफ्टवेअर प्रत्येक चेहऱ्याला गुण देतं आणि किती गुणांच्या वर ‘जिवंत’ म्हणायचं ती रेघ कोणीतरी माणूस ठरवतो. रेघ वर सरकवली की फोटो कमी घुसतात आणि म्हाताऱ्या जास्त अडतात. जाहिरातीत पहिला आकडा छापतात.

दुसऱ्या आकड्याचा हिशोब बांधावर करून बघू. कामावर चाळीस मजूर, दिवसातून दोनदा तपासणी, म्हणजे दिवसाला ८० तपासण्या. समजा रेघ अशी ठेवलीय की शंभरात तीन खरे चेहरे अडतात. कोणत्याही प्रयोगशाळेत हा आकडा चालून जाईल. बांधावर याचा अर्थ दिवसाला दोन-तीन अडणार, सहा दिवसांच्या आठवड्यात चौदा-पंधरा. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आणि हे अडणं सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. ज्या बाईच्या चेहऱ्यावर मॉडेल एकदा अडतं ती उद्याही तोच चेहरा घेऊन येते, त्याच उन्हात, त्याच फोनसमोर. चाळीसजणांपैकी छत्तीस जण कधीच अडत नाहीत आणि चारच जण पुन्हा पुन्हा अडतात, तरीही सरासरी तीनच टक्के येऊ शकते.

म्हणून अशी यंत्रणा तपासायला दिली तर मी आधी सरासरी बाजूला ठेवून अडलेल्यांची यादी मागतो. एकाच माणसाचं नाव किती वेळा आलंय, किती वाजता, कुठल्या फोनवर. सगळी अडणी दुपारी बारा ते दोनमध्ये असतील तर दोष उन्हाचा आहे आणि तपासणी सावलीत घेतली तरी अर्धं काम होतं. एकाच फोनवर असतील तर कॅमेऱ्याची काच पुसायला सांगायची, हसू नका, हे खरंच घडतं. एकाच वयाच्या बायकांची असतील तर रेघ चुकलीय किंवा मॉडेल चुकलंय. आणि उलटही बघायचं: एखाद्या कामावर तीन महिन्यांत एकही खरा चेहरा अडलेला नाही, ऊन-पाऊस-धूळ काहीही असो, शंभर टक्के पास. तिथे बहुधा चेहरे बांधावर आलेलेच नाहीत.

अडलेल्या माणसाला त्याच दिवशी हजेरी लावायचा दुसरा रस्ता असतो की नाही, हा पुढचा प्रश्न. रस्ता ठेवला तर चोर त्याच रस्त्याने जाणार हे उघड आहे; मग प्रत्येक खोटी हजेरी ‘चेहरा जुळला नाही’ या रकान्यात येते. नाही ठेवला तर म्हातारीचे ३१२ रुपये गेले. आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी रस्ता बंद ठेवायच्या बाजूने असतात, त्यांचा आकडा सुंदर दिसतो. मी रस्ता उघडा ठेवायच्या बाजूने आहे, पण अट घालून: दुसऱ्या रस्त्याने लागलेल्या हजेऱ्या ग्रामसभेत नाव घेऊन वाचून दाखवायच्या. फडावर गेलेल्या माणसाचं नाव वाचलं गेलं तर गावात ते कोणाला तरी माहीत असतंच. चेहरा जिवंत आहे की नाही हे फोन सांगेल, पण तो चेहरा या आठवड्यात गावात होता की कराडच्या फडात, हे शेजारीण सांगते. आणि जिवंत चेहरा सकाळी पापण्या लववून घरी परत गेला का, तेही तिलाच माहीत असतं. म्वारे, नाकाचं गुणोत्तर, रंगांचे झोत यातल्या एकाही तपासणीत त्या शेवटच्या प्रश्नाला जागा नाही. त्या फक्त कॅमेरा चालू होता त्या तीन-चार सेकंदांबद्दल बोलतात.